४१२ पानांची फाइल सात भागांत: पुनर्विकासाची कागदपत्रं सभासदांना पाठवताना धागा कसा टिकवायचा

गिरगावातल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला तेव्हा सगळी कागदपत्रं एकत्र लावायचं काम माझ्याकडे आलं. फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं कोर्टाची कंपायलेशन्स लावली आहेत, त्यामुळे ते ओघानेच आलं. जुनं कन्व्हेयन्स, प्रॉपर्टी कार्ड, स्ट्रक्चरल ऑडिट, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांचा म्हणजे पीएमसीचा फिजिबिलिटी रिपोर्ट, निविदांची तुलना, सभांची इतिवृत्तं, विकास करारनाम्याचा मसुदा आणि शेवटी नकाशे. सगळं मिळून ४१२ पानं, ११८ एमबी. अठ्ठेचाळीस सभासद, त्यातले काही पुण्यात, दोघं अमेरिकेत. मेलने पाठवायचं तर जीमेलची मर्यादा २५ एमबी.

याआधी दुसऱ्या एका सोसायटीसाठी हेच काम करताना मी चूक केली होती. घाईत फाइल सरळ दर ५० पानांवर तोडली. फ्लॅटनिहाय क्षेत्रफळाचा तक्ता दोन भागांत विभागला गेला. रकान्यांची शीर्षकं तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर राहिली आणि खालच्या ओळी चौथ्या भागात गेल्या. चौथ्या भागाच्या पहिल्या पानावर नुसतं दिसत होतं: ३०२, ४००, ५००, ६२०. तिथल्या एका काकांना वाटलं की आपलं नवं घर ६२० चौरस फुटांचं. खरं तर ४०० हे सध्याचं चटई क्षेत्र होतं, ५०० नवं चटई क्षेत्र आणि ६२० बांधीव क्षेत्र. सभेत ५०० ऐकल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं. तासभर सभा त्यावरच गेली. शिवाय प्रत्येक भागाची पानं पुन्हा १ पासून सुरू होत असल्याने एक जण म्हणे "पान १२", तर दुसऱ्याच्या पान १२ वर भलतंच काही. तेव्हापासून मी मोठा दस्तऐवज नुसती पानं किंवा एमबी मोजून तोडत नाही.

आधी पानं गोठवा, मग कात्री

सगळ्यात आधी पूर्ण दस्तऐवजाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग क्रमांक द्यायचा. कोर्टाच्या पेपरबुकला देतो तसाच, कितीही खंड झाले तरी न थांबणारा. कागद हातात असतील तर स्कॅन करण्याआधी नंबरिंग मशीनने वरच्या उजव्या कोपऱ्यात छापायचा. फाइलच आली असेल तर पीडीएफ एडिटरमध्ये बेट्स नंबरिंगची सोय असते, ती वापरायची. कोऱ्या पाठीमागच्या बाजू स्कॅन झाल्या असतील तर त्या क्रमांक देण्याआधी काढायच्या, नंतर नाही.

या क्रमांकाला मी इतकं धरून बसतो, त्याला कारण आहे. भाग हे तात्पुरते असतात. आज मेलची मर्यादा आहे म्हणून सात भाग होतील. उद्या हेच एखाद्या पोर्टलवर चढवायचं झालं आणि तिथली मर्यादा लहान निघाली, तर बारा होतील. पान ३५१ मात्र दोन्हीकडे ३५१ च राहायला हवं. म्हणून मजकुरात कुठेही "भाग ५ पाहा" असं लिहायचं नाही. "परिशिष्ट ग, पान ३५१" एवढंच. ते पान कोणत्या भागात आहे हे सांगायचं काम प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावरच्या चिठ्ठीचं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

करारनाम्याच्या मसुद्यात "वर नमूद केल्याप्रमाणे", "मागील परिशिष्टात", "सोबत जोडलेला तक्ता" अशी वाक्यं भरपूर असतात. एकसंध फाइलमध्ये ती चालून जातात. भाग सुटे झाले की "वर" म्हणजे कुठे, हे कळत नाही. मसुदा अजून सहीसाठी गेला नसेल तर वकिलांना सांगून अशा प्रत्येक ठिकाणी पान क्रमांक घालून घ्यायचा. आमच्या ५२ पानांच्या मसुद्यात अशा एकतीस जागा निघाल्या आणि एक दुपार त्यात गेली. आधीच सही झालेल्या कागदाला मात्र हात लावायचा नाही. तिथले संदर्भ चिठ्ठीत उलगडून द्यायचे.

कुठे किती वजन आहे ते बघा

पानांची संख्या आणि एमबी यांचं नातं सरळ नसतं. आमच्या फाइलमध्ये शेवटच्या ३६ पानांवर रंगीत नकाशे होते आणि तेवढ्यांचंच वजन ६१ एमबी. बाकीची ३७६ पानं मिळून ५७. म्हणजे मुख्य अडचण नकाशांची होती.

मर्यादा २५ एमबी असली तरी २५ एमबीची फाइल मेलने जाईलच असं नाही. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलते. मूळच्या तीन बाइटची चार अक्षरं होतात, त्यामुळे वजन एक तृतीयांशाने वाढतं. १८ एमबीची फाइल प्रवासात साधारण २४ एमबीची होते. मी १७ ची रेघ धरतो. शिवाय समोरच्याच्या ऑफिसच्या मेलची मर्यादा कमी असू शकते. तसा एखादा सभासद असेल तर आधीच विचारून घेतलेलं बरं.

नकाशे ३०० डीपीआयने स्कॅन झाले होते. ते २०० वर आणले की पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. घोस्टस्क्रिप्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम हे करतो:

```
gs -o nakashe-200.pdf -sDEVICE=pdfwrite \
 -dColorImageResolution=200 \
 -dDownsampleColorImages=true \
 -dColorImageDownsampleThreshold=1.0 nakashe.pdf
```

यातली शेवटची अट, म्हणजे शेवटच्या ओळीतलं `Threshold`, बरेच जण विसरतात. ती दिली नाही तर प्रोग्रॅम स्वतःहून १.५ धरतो. म्हणजे चित्र २०० च्या दीडपटीपेक्षा, ३०० पेक्षा, जास्त असेल तरच लहान करायचं. आपलं नेमकं ३०० चं, त्या सीमेवरचं, म्हणून काही वेळा काहीच होत नाही. फाइल जवळजवळ तेवढीच राहते आणि माणूस चक्रावतो. आमचे नकाशे ६१ वरून २७ एमबीवर आले. त्यानंतर सगळ्यात बारीक अक्षरांचा नकाशा उघडून मोठा करून बघितला. जिन्याच्या पायऱ्यांची मापं वाचता येत होती, म्हणून तो ठेवला. मापं पुसट झाली असती तर मी ३०० च ठेवून भाग वाढवले असते. मूळ स्कॅन अर्थातच वेगळं जपून ठेवायचं, ही फक्त पाठवायची प्रत.

जिथे वाचणारा आपणहून थांबतो, तिथे तोडा

लहान केलेले नकाशे परत शेवटी जोडून एक `mool.pdf` बनवली, अजूनही ४१२ पानांची. मग अनुक्रमणिका घेऊन बसलो.

मालकीची कागदपत्रं पान १ ते ७४, ९ एमबी. स्ट्रक्चरल ऑडिट ७५ ते १३८, फोटो असल्याने १२ एमबी. फिजिबिलिटी रिपोर्ट १३९ ते २२६, ९ एमबी. निविदांची तुलना आणि इतिवृत्तं २२७ ते २९०, ५ एमबी. करारनाम्याचा मसुदा परिशिष्टांसह २९१ ते ३७६, २२ एमबी. नकाशे ३७७ ते ४१२, २७ एमबी.

पहिले दोन जसेच्या तसे एकेक भाग झाले. तिसरं आणि चौथं मी एकत्र ठेवलं, १४ एमबी. ते फक्त मर्यादेत बसतं म्हणून नव्हे. निविदांची तुलना वाचताना माणूस सारखा फिजिबिलिटी रिपोर्टमधले आकडे बघतो, म्हणून ती दोन्ही एका फाइलमध्ये हवीत.

प्रश्न करारनाम्याचा होता, कारण तो एकटाच १७ च्या वर जात होता. अशा वेळी आतली सांध शोधावी लागते. कलम मध्ये तोडायचं नाही, तक्ता तर नाहीच. एखादी व्याख्या आणि तिचा अपवाद वेगळे करायचे नाहीत, कारण अपवाद बहुतेक वेळा "परंतु" ने सुरू होऊन पुढच्या पानावर असतो. आमच्या मसुद्यात कलमं ३४२ पानावर संपत होती आणि ३४३ पासून परिशिष्टं होती. तिथे तोडलं: ८ आणि १४ एमबी. नकाशांचेही दोन झाले. अस्तित्वातल्या इमारतीचे १४, प्रस्तावित इमारतीचे २२. दुसरा गट साडेसोळा एमबीचा, रेघेच्या अगदी आत.

झाले सात भाग. निव्वळ वजन बघून तोडले असते तर पाचात बसले असते. दोन मेल जास्त गेले, ते मला मान्य आहे.

दस्तऐवजात सांधच नसेल, समजा सव्वाशे पानांचा एकच तक्ता असेल, तर तो तोडावाच लागतो. तेव्हा एका मजल्याच्या शेवटी किंवा एका विंगच्या शेवटी तोडायचं आणि पुढच्या भागाच्या चिठ्ठीवर रकान्यांची शीर्षकं पुन्हा छापायची. चिठ्ठीवर, मूळ पानावर नाही.

चिठ्ठी

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक पान. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवतो. त्या दिवशी फक्त एवढीच फाइल उघडणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते लिहायचं. भाग ५ ची आमची चिठ्ठी अशी होती:

> भाग ५, एकूण ७ पैकी. पानं ३४३ ते ३७६. करारनाम्याच्या मसुद्याची परिशिष्टं क ते च.
>
> याआधी (पान २९१–३४२): करारनाम्याची कलमं. विकासक प्रत्येक सभासदाला काय देणार, कधी देणार आणि न दिल्यास काय, हे तिथे ठरलं आहे. या भागात त्याचे फ्लॅटनिहाय आकडे आहेत.
>
> इथे वापरलेले शब्द: "चटई क्षेत्र" म्हणजे रेरा कायद्यातलं, आतल्या भिंती धरून आणि बाहेरच्या भिंती व बाल्कनी सोडून, व्याख्या पान २९६ वर. "बांधीव क्षेत्र" पान २९७ वर. "भाडे" म्हणजे पर्यायी जागेचं मासिक भाडं, पान ३११ वर.
>
> पान ३५१ वरचा तक्ता पान ३५४ पर्यंत चालतो. रकाने: फ्लॅट क्र., सध्याचं चटई क्षेत्र, नवं चटई क्षेत्र, नवं बांधीव क्षेत्र. सर्व चौरस फुटांत.
>
> पुढे (पान ३७७ पासून): नकाशे. पान ३५१ चे आकडे पान ३९४ च्या नकाशाशी ताडून पाहावेत.

खाली सातही भागांचा छोटा तक्ता: भाग क्रमांक, पानं, आत काय. हा तक्ता सातही चिठ्ठ्यांवर अगदी सारखा. कोणीही कुठलीही एक फाइल उघडली तरी त्याला अख्ख्या दस्तऐवजाचा नकाशा मिळतो.

"याआधी" मध्ये सारांश लिहिण्याचा मोह टाळायचा. करारनाम्याचा सारांश तुमच्या शब्दांत गेला की सभेत लोक तुमचं वाक्य धरून भांडतात आणि मूळ कलम बाजूला राहतं. मी फक्त विषय सांगतो आणि पान देतो. शब्दांच्या बाबतीतही तसंच. चटई क्षेत्राबद्दल एक ओळ दिली, कारण त्याशिवाय तक्ता वाचताच येत नाही. पण व्याख्या म्हणून पान २९६ कडेच बोट दाखवलं.

प्रत्यक्ष कापणं

यासाठी `qpdf` पुरतो. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. भाग ५ असा:

```
qpdf --empty --pages chitthi-5.pdf 1 mool.pdf 343-376 -- t5.pdf
qpdf t5.pdf --set-page-labels 1:r 2:D/343 -- RD_5-of-7_p343-376.pdf
```

पहिल्या ओळीत चिठ्ठी आणि पानं जोडली. `--empty` मुळे मूळ फाइलचे बुकमार्क बरोबर येत नाहीत. ते आले असते तर भागात नसलेल्या पानांकडे नेणारे मुके बुकमार्क दिसत राहिले असते. मूळ फाइलमधल्या एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या लिंकही, ते दुसरं पान वेगळ्या भागात गेलं की, निकामी होतात. म्हणून तर छापील पान क्रमांकांवर इतका भर.

दुसरी ओळ वाचणाऱ्याच्या सोयीची. चिठ्ठी धरून पान ३५१ हे फाइलमधलं दहावं पान होतं. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम तिथे १० दाखवणार आणि कागदावर छापलेलं ३५१. याच तफावतीने मागे सभेत गोंधळ झाला होता. पानांना लेबलं दिल्यावर ती ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिठ्ठी रोमन i होते आणि पुढचं पान ३४३ दिसतं. माणूस ३५१ टाइप करतो आणि बरोबर तिथे पोहोचतो. मोबाइलवरची काही अॅप्स लेबलं दाखवत नाहीत. तिथे छापील आकडाच कामाला येतो.

कमांड लिहिणं नको असेल तर पीडीएफ एडिटरमध्ये पानं वेगळी काढायची सोय असते, तीही चालते. प्रिंटमध्ये जाऊन पानांची कक्षा देऊन पीडीएफ म्हणून जतन करणं मात्र टाळा. लिंक जातात, कधी शोधता येणारा मजकूर जातो, आणि फाइल उलट फुगतेही.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं. देवनागरी नाव काही जुन्या यंत्रणांमध्ये चौकोन होऊन बसतं. नावात भाग आणि पानं दोन्ही आहेत, म्हणजे डाउनलोड्समध्ये फाइली विखुरल्या तरी कुठली राहिली ते कळतं. भाग नऊच्या वर जात असतील तर 05, 06 असं लिहा, नाहीतर काही याद्यांमध्ये 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो.

परत जोडून बघा

सातही भागांतून चिठ्ठ्या वगळून सगळं परत एकत्र जोडायचं आणि पानं मोजायची:

```
qpdf --empty --pages RD_1*.pdf 2-z RD_2*.pdf 2-z \
 RD_3*.pdf 2-z RD_4*.pdf 2-z RD_5*.pdf 2-z \
 RD_6*.pdf 2-z RD_7*.pdf 2-z -- jod.pdf
qpdf --show-npages jod.pdf
```

इथे `2-z` म्हणजे दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत. विंडोजवर तारांकनाच्या जागी पूर्ण नावं द्या आणि प्रत्येक कमांड एका ओळीत लिहा. उत्तर 412 यायला हवं. पहिल्या प्रयत्नात मला 411 आलं. मी भाग २ मध्ये चुकून ७५ ऐवजी ७६ लिहिलं होतं, म्हणजे ऑडिटचं पहिलंच पान गायब. आकडा बरोबर आला तरी प्रत्येक सांध्यावरची दोन पानं डोळ्यांनी बघायची: ७४ आणि ७५, १३८ आणि १३९, अशी सहा ठिकाणं. एक पान दोनदा आणि एक शून्य वेळा आलं असेल तर एकूण आकडा बरोबरच येतो.

नंतर शेजारच्या काकूंना फक्त भाग ५ दिला, बाकी काही न सांगता. विचारलं, "काकू, तुमच्या फ्लॅटचं नवं चटई क्षेत्र किती? ते मोजायचं कसं हे कुठे लिहिलंय? आणि तुमच्या घराचा नकाशा कुठल्या फाइलमध्ये?" पहिली दोन उत्तरं त्यांनी लगेच दिली. तिसऱ्याला अडल्या, कारण चिठ्ठीवरच्या तक्त्यात मी नुसतं "नकाशे" लिहिलं होतं, दोन्ही भागांना. ते बदलून "नकाशे: सध्याची इमारत" आणि "नकाशे: नवी इमारत" असं केलं आणि सातही चिठ्ठ्या पुन्हा छापल्या.

पाठवताना, आणि पाठवल्यानंतर

सात मेल, एकाच दिवशी, क्रमाने. विषयाची ओळ सगळ्यांना सारखी, फक्त शेवटी १/७, २/७. पहिल्या मेलमध्येच सांगितलं की एकूण सात येतील आणि सातवा मिळाला नाही तर कळवा. व्हॉट्सअॅपवर आख्खी फाइल एकदम जाऊ शकते, तिथे डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे. ज्यांनी मागितली त्यांना तशीही दिली. पण तिथेही छापील क्रमांक तेच असल्याने सभेत कोणाकडे कुठली प्रत आहे याने फरक पडला नाही.

आठवड्याने वकिलांनी परिशिष्टात एक दुरुस्ती पाठवली, दोन पानांची, पान ३५४ नंतर घालायची. पुढचं सगळं दोन आकड्यांनी सरकवलं असतं तर मसुद्यातले संदर्भ, चिठ्ठ्या, लोकांनी कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या खुणा, सगळं चुकलं असतं. नव्या पानांना ३५४क आणि ३५४ख क्रमांक दिले. फक्त भाग ५ नव्याने काढला, नावात `_sudharit-1` जोडलं, आणि चिठ्ठीवर वर ठळक ओळ टाकली: "३५४क व ३५४ख ही पानं नवी आहेत, बाकी काही बदललेलं नाही. भाग ५ ची आधीची फाइल काढून टाकावी." फाइलमधली लेबलंही त्या जागी तोडावी लागतात, नाहीतर ३५४क ला प्रोग्रॅम ३५५ म्हणतो. फाइलमधलं तेरावं पान ३५४, म्हणून चौदावं ३५४क, पंधरावं ३५४ख आणि सोळाव्यापासून पुन्हा ३५५. इथे `t5s.pdf` ही नवी दोन पानं घालून जोडलेली फाइल:

```
qpdf t5s.pdf --set-page-labels 1:r 2:D/343 14:/1/354k \
 15:/1/354kh 16:D/355 -- RD_5-of-7_p343-376_sudharit-1.pdf
```

सभेत वकिलांनी "पान तीनशे चोपन्न क" म्हटलं तेव्हा समोरच्या खुर्च्यांत कागद उलटण्याचा एकदमच आवाज झाला. अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर असलेल्या सभासदानेही तेच पान उघडलं होतं.